कॅश जुळते, झोप जुळत नाही

साडेदहाला लाइट बंद केला की पावणेअकराला माझी दुसरी शिफ्ट सुरू व्हायची. कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत मी गेली १९ वर्षं कॅशला बसते. दिवसभर नोटा मोजायच्या, संध्याकाळी शिल्लक जुळवायची, आणि रात्री अंथरुणात तीच शिल्लक मनातल्या मनात पुन्हा जुळवायची. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ९,००० रुपये कमी आले. फरकाला ९ ने भाग जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, हे आमच्या धंद्यातलं पहिलं बाळकडू. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच निघालं: ४५,०००ची स्लिप ५४,००० म्हणून चढवलेली. पैसे कुठं गेलेच नव्हते. पण मधली ती रात्र मी टक्क जागी काढली आणि तेव्हापासून अंथरूण दिसलं की छातीत धडधड सुरू व्हायची. कॅश जुळलेली असली तरी. पुढं पुढं तर काळजी कॅशची राहिलीच नाही. ‘आता झोप लागली नाही तर उद्या मोजताना चूक होणार’ एवढीच उरली.

यावर मी आधी स्वतःच औषध शोधलं. मोबाइलवर कुणीतरी सांगत होतं, मोठा श्वास घ्या, अगदी छाती भरून. घेतला. एक झाला, दोन झाले, दहा-बारा झाले. जितका मोठा घ्यावा तितका कमीच पडतोय असं वाटायला लागलं. मग बोटांना मुंग्या आल्या, ओठांभोवती बधिर झालं, डोकं हलकं पडलं. ह्यांना उठवलं. हे घाबरले, आणि मी तर खलासच. रात्री बाराला दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, ‘हृदय चांगलं आहे, टेन्शन घेऊ नका.’ टेन्शन घेऊ नका म्हणजे नेमकं काय करू नको, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

ते कळलं पुढं तीन आठवड्यांनी, एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडं. मैत्रीण त्यांच्याकडं जायची म्हणून मीही गेले. मी त्या रात्रीचं सांगितल्यावर मॅडमनी पहिलं काम काय केलं असेल, तर घड्याळ लावून माझे एका मिनिटाचे श्वास मोजले. १९ भरले, आणि तेही गप्प बसलेली असताना. मग त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला हवा कमी पडत नव्हती, जास्त होत होती.’

त्यांनी समजावलं ते असं. आपल्याला कार्बन डायऑक्साइड म्हणजे नुसता बाहेर टाकायचा कचरा वाटतो, पण रक्तात तो ठरावीक प्रमाणात असावा लागतो. भराभर मोठे श्वास घेतले की तो गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्यामुळं मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात आणि डोकं हलकं होतं, तर मुंग्या येतात त्या रक्ताची आम्लता बदलल्यामुळं. माणसाला वाटतं श्वास पुरत नाही, म्हणून तो आणखी मोठा घेतो आणि आणखी घसरतो. मी नेमकी त्याच घसरगुंडीवर बसले होते. छातीत दुखलं, दम लागला तर डॉक्टरकडं जायचंच, त्यात आळस नको, हेही त्यांनी बजावलं. माझा ईसीजी झाला होता म्हणून पुढचं बोलणं शक्य झालं.

मग शिकवणी सुरू झाली. खुर्चीत टेकून बसायचं, एक हात छातीवर, एक बेंबीवर. श्वास नाकानं, नेहमीएवढाच घ्यायचा. वरचा हात जवळपास स्थिर राहावा आणि खालचा हलावा. सोडताना मात्र घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. घेताना ४ अंक, सोडताना ६. म्हणजे एक श्वास १० सेकंदांचा, मिनिटाला सहा. पहिल्याच दिवशी ४ आणि ६ जमलं नाही तर ३ आणि ५ चालतं, मला तर तेच जमलं. सोडताना ओठांचा चंबू करायचा. ‘बशीतल्या गरम चहावर फुंकर घालता ना, तशी. पण चहा सांडायचा नाही,’ मॅडम म्हणाल्या. ही उपमा मला एवढी पटली की आजही तोंडासमोर बशी धरल्यासारखंच मी करते.

लांब सोडायचा कशासाठी, तेही त्यांनी माझ्याच मनगटावर दाखवलं. नाडीवर बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या आणि सोडा. घेताना ठोके जरा जवळजवळ येतात, सोडताना लांब पडतात. फरक बारीक असतो, पण दोन-तीन वेळा लक्ष दिलं की बोटांना कळतो. हृदयाला सावकाश चालवणारी एक नस श्वास सोडताना जास्त काम करते. म्हणून सोडणं लांबवलं की तिला काम करायला जास्त वेळ मिळतो. यात जादू काही नाही, आणि पहिल्या श्वासाला फरक पडेल असंही नाही. पाच मिनिटं धरून चालायचं.

घरी येऊन केलं तर पुन्हा तीच गत. दोन मिनिटांत दम लागल्यासारखं झालं. पुढच्या भेटीत मी मॅडमसमोर करून दाखवलं आणि त्या हसायलाच लागल्या. मी चार अंक मोजत होते, पण नोटा मोजायच्या वेगानं! १९ वर्षांची सवय. माझं एक-दोन-तीन-चार जेमतेम सव्वा सेकंदात संपायचं. म्हणजे सहा श्वासांच्या नावाखाली मी मिनिटाला अठरा-वीस घेत होते, आणि तेही प्रयत्नपूर्वक. मग भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीवर मोजायला लागले. नवख्या माणसाला माझं एवढंच सांगणं आहे की आपला अंक किती लांब आहे ते एकदा घड्याळाशी ताडून बघा. आणि गरगरलं, मुंग्या आल्या, तर आणखी सावकाश करायच्या फंदात पडू नका, श्वास लहान करा किंवा व्यायामच थांबवा आणि श्वास नेहमीसारखा चालू द्या.

श्वास रोखून धरायचे प्रकारही बरेच सांगतात, ४ घ्या, ७ रोखा, ८ सोडा वगैरे. माझ्या नणंदेला ते आवडतं. मला रोखलं की गुदमरल्यासारखं होतं. मॅडम म्हणाल्या, मग नका रोखू.

स्नायूंचं प्रकरण त्यांनी दोन आठवड्यांनी काढलं. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर असतो, हे मला माहीतच नव्हतं. काउंटरवर बसून बसून तो तसाच राहिलेला. दातांच्या डॉक्टरनी मागं एकदा सांगितलं होतं की झोपेत दात चावता, दाढा झिजल्यात. तेव्हा मी ते दाढांचं दुखणं समजले होते. मॅडम म्हणाल्या, ‘खांदा खाली सोडा.’ मी म्हटलं, सोडलाच आहे. त्या म्हणाल्या, ‘आता तो मुद्दाम कानापर्यंत चढवा, पाच सेकंद धरा, आणि एकदम टाका.’ टाकल्यावर तो आधी होता त्याच्याही खाली गेला. तेव्हा कळलं की मी ज्याला सैल म्हणत होते ती निम्मी मूठच होती.

आधी आवळून मग सोडायची ही सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ती घडवली आणि १९२९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं शिकवणं महिनोन्‌महिने चालायचं, एकेका बैठकीत एखादाच स्नायू. आपण आज करतो तो नंतरच्या मंडळींनी केलेला आटोपशीर अवतार: अंगाचे १६ भाग, प्रत्येक भाग ५ ते ७ सेकंद आवळायचा, मग एकदम सोडून ३०-४० सेकंद नुसतं लक्ष द्यायचं, आणि हे दोनदा. सुरुवात ज्या हातानं जेवतो त्या हातापासून. मूठ आणि कोपरापर्यंतचा भाग, मग दंड; तसंच दुसऱ्या हाताचं. मग कपाळ, डोळे-नाक, जबडा, मान. मग खांदे, छाती आणि पाठ मिळून एक, पोट एक. शेवटी एकेका पायाची मांडी, पोटरी, पाऊल. हिशेब केलात तर २२ मिनिटं होतात. पहिल्यांदा मला तेवढी पुरली नाहीत, कारण मधेच आता कुठला भाग म्हणून मी विसरायचे.

एक हात कसा करायचा ते सांगते, बाकीचं त्याच चालीवर आहे. उजवी मूठ वळायची. जीव खाऊन नाही. पिशवी जड आहे पण हातातून सुटणार नाही, इतपत. मनगटापासून कोपरापर्यंत कुठं ओढ लागते ते बघायचं. श्वास रोखायचा नाही. मी पहिले आठ दिवस रोखतच होते आणि मला पत्ता नव्हता. पाच सेकंद झाले की हात एका झटक्यात सोडायचा. बोटं हळूहळू उलगडायची नाहीत, कारण हळूहळू सोडायलाही स्नायू ताठ ठेवावेच लागतात. मग अर्धा मिनिट काही करायचं नाही. तळहातात जरा ऊब येते, कधी जडपणा, कधी बारीक झिणझिण. काहीच आलं नाही तरी चालतं. आधीचं आणि आत्ताचं यातला फरक टिपायचा, काम एवढंच आहे. मला आवळण्याचा भाग आवडायचा आणि सोडल्यानंतरचा अर्धा मिनिट कंटाळवाणा वाटायचा, म्हणून मी तो खाऊन टाकायचे. मॅडमनी ते बरोबर पकडलं. ‘भरणा करता आणि पावती घेतच नाही तुम्ही,’ असं म्हणाल्या. माझ्या भाषेत बोलल्यावर डोक्यात शिरलं.

चुका आणखीही केल्या. पोटरी आवळताना पावलाचा शेंडा खाली ताणला आणि पोटरीत असा गोळा चढला की मी ओरडलेच. पायाची बोटं स्वतःकडं, नडगीच्या दिशेनं ओढायची आणि जोर कमी ठेवायचा, म्हणजे गोळा येत नाही. मानेला तर जोर देऊच नये. डोकं उशीत हलकंसं दाबलं तरी पुष्कळ. जिथं दुखतंय, जिथं लागलंय, तो भाग सोडून द्यायचा. हर्निया आहे, नुकतं ऑपरेशन झालंय, बीपी ताब्यात नाही, अशा माणसानं आवळाआवळी करण्याआधी डॉक्टरला विचारावं.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. पहिल्या आठवड्यात छाती-खांदे सोडले की मला दचकायला व्हायचं. सगळं अंग ढिलं पडतंय आणि आता काहीतरी होणार, असं. रखवालदारानं काठी खाली ठेवावी आणि तेवढ्यात चोर यावा, तशी भीती. मॅडम म्हणाल्या, काही जणांना सैल पडण्याचीच भीती वाटते, कारण इतके दिवस ताठ राहूनच सुरक्षित वाटलेलं असतं. उपाय साधा निघाला: आडवं न होता खुर्चीत बसून, डोळे उघडे ठेवून, फक्त हात आणि चेहरा करायचा. दहा-बारा दिवसांत ती भीती ओसरली. ज्यांची ओसरत नाही, किंवा ज्यांना मागचं काही भयंकर आठवायला लागतं, त्यांनी एकट्यानं रेटू नये. मॅडमसारखं कुणी जवळपास नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६ या नंबरवर, फुकट.

आणि हे सगळं दिवसा. यावर मॅडम अडूनच बसल्या होत्या. रात्रीच्या त्रासासाठी आले आणि ह्या मला संध्याकाळी साडेसहाला कुकर लावायच्या आधी करायला सांगतात, याचा मला रागच आला होता. त्यांचं म्हणणं असं की पोहायला कुणी पुरात शिकत नाही. पहिले १५ दिवस अंथरुणात करायचंच नाही. रोज एकदा पूर्ण सोळा भाग, आणि पाच मिनिटं श्वास दोन वेळा. मी आठवड्यातून पाच दिवस केलं, खोटं कशाला बोलू.

सासूबाई हे सगळं दारातून बघायच्या. ‘अगं, हे तर शवासन,’ एके दिवशी म्हणाल्या. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, बरंचसं जवळचं आहे. मुंबईच्या केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून त्यावर १९६९ मध्ये शोधनिबंध लिहिला होता, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. फरक एवढाच की शवासनात थेट सैल व्हायचं असतं. माझ्यासारखीला ‘सैल व्हा’ म्हटलं की ती सैल होण्याचा जोर लावते. आधी आवळलं की सोडायला काहीतरी हातात असतं.

महिन्याभरानं सोळाचे सात भाग केले: एकेक पूर्ण हात, चेहरा, मान, धड, एकेक पूर्ण पाय. मग आणखी दीड महिन्यानं चारच: दोन्ही हात, चेहरा-मान, धड, दोन्ही पाय. पाच-साडेपाच मिनिटांत उरकतं. आता बरेचदा आवळतही नाही. सोडल्यावर हात कसा लागायचा ते आठवते आणि श्वास सोडताना तसा सोडून देते. पण ही पायरी आधीच्या सगळ्या पायऱ्यांवर उभी आहे. पहिल्या दिवशी नुसतं आठवायला गेलात तर आठवायला काही नसतं.

मार्चअखेरीची रात्र सांगते, कारण त्या दिवशी खरी परीक्षा होती. ३१ तारखेला कॅश जुळली सव्वानऊला. घरी येऊन जेवून आडवी झाले तेव्हा सव्वाअकरा. मन चालूच: तिजोरीची किल्ली दोनदा फिरवली का, पिग्मीच्या एजंटाची स्लिप राहिली का. चार भाग केले. हात सुटले, पाय सुटले, जबडा मात्र सुटून पुन्हा मिटायचा. तीनदा केला. मग माझ्याकडून ती नेहमीची चूक झाली, म्हणजे झोप येतेय का ते मी तपासलं. तपासलं की गेलीच! उकळी आली का म्हणून दर मिनिटाला झाकण काढणाऱ्यातली मी. वाफ कोंडायला वेळच देत नाही. मॅडमनी शंभरदा सांगितलंय की हा व्यायाम झोप आणण्यासाठी नाही, अंग सोडण्यासाठी आहे, झोप तिच्या वेळेनं येईल. हे ऐकायला सोपं आहे.

वीसेक मिनिटं झाली असावीत. ‘असावीत’ म्हणते, कारण मोबाइल स्वयंपाकघरात ठेवते आणि घड्याळाकडं बघायचं नाही हा नियम आहे. झोप लागत नाही तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठायचं, नाहीतर अंथरूण म्हणजे जागरणाची जागा असं अंगाला पाठ होतं. माझ्या बाबतीत ते झालंच होतं. तर उठले, बाहेरच्या खोलीत बारीक दिवा लावला आणि लसूण सोलायला घेतला. टीव्ही नको, फोन नको, हिशेबाची वही तर नकोच. दीड गड्डा सोलून झाला आणि जांभई आली, मग दुसरी. पुन्हा आडवी झाले, या वेळी फक्त श्वास, बशीवरची फुंकर, मोजणंही मधेच सुटलं. सीईटीचा अभ्यास करत बसलेला मुलगा सकाळी म्हणाला, आई, साडेबाराला तू घोरत होतीस. पूर्वी अशा रात्री मी तीन वाजलेले बघायचे. चमत्कार म्हणण्यासारखं यात काही नाही. आजही आठवड्यात एखादी रात्र तशी जातेच.

घोरण्यावरून आठवलं. आमच्या वसुलीच्या साहेबांना मी मोठ्या हौसेनं हे सगळं शिकवलं होतं. त्यांनी महिनाभर इमानेइतबारे केलं, फरक शून्य. दुपारी टेबलावरच डुलक्या. शेवटी त्यांच्या बायकोनं सांगितलं की रात्री ते जोरात घोरतात, मधे श्वास थांबतो आणि गुदमरून जागे होतात. झोपेची तपासणी झाली, स्लीप ॲप्निया निघाला, आता मशीन लावून झोपतात. घशातला रस्ताच बंद होत असेल तर मुठी आवळून काय होणार? तेव्हापासून कुणी विचारलं तर मी आधी घोरण्याची चौकशी करते.

सासूबाईंनाही आता शिकायचंय. रात्री माझ्या शेजारी आडव्या होऊन म्हणतात, ‘सांग गं, पुढं काय आवळायचं?’ उजवा हात होतो, डावा होतो. ‘आई, आता कपाळ,’ असं म्हणेपर्यंत त्यांचा सूर लागलेला असतो. त्या अजून जबड्यापर्यंतही पोहोचलेल्या नाहीत, पायांची तर बातच सोडा.